ढकललं की नुसतं चाललं?

सोकोबान हा 1982 सालचा जपानी कोड्यांचा खेळ. गोदामातल्या माणसाने खोकी ढकलत ठरलेल्या जागी न्यायची. ओढायची सोय नाही. त्यामुळे एक खोकं कोपऱ्यात अडकलं की डाव संपलाच, आणि ‘मागे घ्या’ बटणाची खरी गरज तिथेच पडते.

त्यासाठी दर चालीला अख्ख्या पटाचं चित्र साठवावं लागत नाही. एका चालीला एक अक्षर पुरतं:

```
rrR
```

म्हणजे दोन पावलं उजवीकडे चालला, तिसऱ्या पावलाला खोकं ढकललं. चाल मागे घेताना मोठं `R` दिसलं की माणूस एक घर डावीकडे येतो आणि खोकं त्याच्या रिकाम्या झालेल्या घरात. तिथे लहान `r` लिहिलं असतं, तर खोकं आत्ता ढकललं की आधीपासून तिथेच होतं, हे पटाकडे पाहून कळलंच नसतं. सगळी गंमत त्या मोठ्या अक्षरात आहे!

हीच अक्षरं सुरुवातीच्या पटावर ओळीने चालवली की पूर्ण डाव जसाच्या तसा पुन्हा दिसतो, कारण सोकोबानमध्ये नशिबाला जागा नाही. पटावर मनमानी फिरणारं मांजर सोडलं, तर त्याच्या यादृच्छिक आकड्यांचं बीजही नोंदवावं लागेल. नाहीतर पुनर्खेळात मांजर वाटेत येतं, एक पाऊल चुकतं आणि पुढे माणूस भिंतीवर धडका देत बसतो.