तीन वाजताची घंटा

माझ्या मोबाइलवर रोज दुपारी पावणेतीनला एक गजर वाजतो. त्यावर लिहिलंय, ‘प्यायचा असेल तर आत्ताच.’ आधी तो चारला लावला होता आणि तिथेच चुकलो होतो. चारला ऑफिसात चहावाला किटली घेऊन टेबलाशी उभा असतो, समोर ग्लास वाफाळत असतो. अशा वेळी गजर फक्त बंद केला जातो. आठवण यायला हवी ती चहा समोर येण्याआधी.

पावणेतीनच का, हे समजायला चहातलं कॅफिन काय करतं ते पाहावं लागेल. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं. ते ठरावीक जागांवर जाऊन बसलं की डोळे जड होतात. कॅफिन त्या जागा आधीच अडवून ठेवतं, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात तसं. म्हणजे चहाने थकवा जात नाही. तो गर्दीत उभाच असतो, फक्त त्याला बसायला जागा नसते.

हा रुमाल लवकर निघत नाही. निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरातलं कॅफिन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. कोणाला दोन-तीन पुरतात, कोणाला आठ-नऊ लागतात. यकृतातल्या एका विकराच्या वेगावर हे ठरतं. धूम्रपान करणाऱ्यांत तो वेग वाढतो. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत आणि गरोदरपणात तो बराच मंदावतो. एकाच किटलीतला चहा पिऊन नवरा घोरतो आणि बायको छताकडे बघत पडते, त्यामागे हेही कारण असू शकतं.

आता माझाच हिशेब मांडतो. चहाच्या कपात साधारण 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफिन असतं, असं राष्ट्रीय पोषण संस्थेची आहार मार्गदर्शिका सांगते. मी कपाला 40 धरले आणि कटिंगला 20. सकाळी सातला एक कप, साडेदहाला दुसरा, चारला तिसरा आणि सहाला स्टेशनबाहेर कटिंग. झोपायची वेळ अकरा. दर पाच तासांनी निम्मं, या हिशेबाने अकराला सकाळच्या दोन्ही कपांचे मिळून 11-12 मिलिग्रॅम उरतात. चारच्या कपाचे 15 आणि कटिंगचे 10. एकूण सुमारे 37. म्हणजे जवळजवळ एक अख्खा कप पोटात घेऊन मी उशीवर डोकं टेकत होतो. चारचा कप अडीचला ओढला आणि कटिंग सोडलं, तर हाच आकडा 24च्या आसपास येतो.

“मला चहाने काही होत नाही, पिऊन लगेच झोपतो,” असं म्हणणारे घरोघरी भेटतात. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात झोपेच्या सहा तास आधी कॅफिन दिलं, तेव्हा यंत्राने मोजलेली झोप तासाभराहून अधिक घटली. मात्र त्या मंडळींच्या स्वतःच्या नोंदींत ती घट तितकी दिसली नाही. पण तिथला डोस 400 मिलिग्रॅमचा होता, म्हणजे आपले दहा कप, आणि माणसं होती अवघी बारा. तेव्हा तो निकाल जसाच्या तसा आपल्या कटिंगला चिकटवू नये. आपली मोजणी आपणच करावी.

माझी मोजणी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर चालते. तारखेच्या चौकोनात कपाला एक उभी रेघ, कटिंगला अर्धी. तीननंतर घेतलेल्या कपाची रेघ लाल पेनाने. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच चौकोनात एक खूण: झोप लागायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागला किंवा मध्येच जाग आली, तर फुली. रविवारी बेरीज. पहिल्या आठवड्यात 31 वेळा चहा झाला होता आणि त्यात लाल रेघा 16. तिसऱ्या आठवड्यात 25 आणि 4. फुल्या पाचावरून दोनवर आल्या. हे काही शास्त्रीय प्रमाण नव्हे, त्या काळात मी मोबाइलही लवकर ठेवू लागलो होतो. पण नुसती एकूण बेरीज पाहिली असती तर पाच-सहा कपांचाच फरक दिसला असता. फुल्या बहुतेक लाल रेघांच्याच चौकोनात होत्या.

दुसऱ्या आठवड्यात एक घोळ झाला. उत्साहाने एकदम दोनच कपांवर आलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपासून डोकं ठणकायला लागलं. सवयीचं कॅफिन अचानक तोडलं की असं होतं. त्रास दोन दिवसांत शिगेला पोचतो आणि आठवडाभर रेंगाळू शकतो. त्यावर घेतलेल्या गोळीचं वेष्टन वाचलं, तर तिच्यातही कॅफिन! मग दोन-तीन दिवसांनी अर्धा कप, या बेताने उतरलो.

संध्याकाळी आता गवती चहाची पात, सुंठ आणि दूध उकळतो. मात्र आई सवयीने त्यात चिमूटभर पावडर टाकते, “नाहीतर रंग येत नाही.” त्या दिवशी अर्धी लाल रेघ.