उद्योगाचा वर्ग : माणसे मोजून की उलाढाल मोजून?

महाडच्या औद्योगिक वसाहतीला माल पुरवणाऱ्या आपल्या अनेक पेढ्यांमध्ये एक समज दृढ आहे, की कामगार थोडे म्हणजे उद्योग सूक्ष्म आणि कामगार पुष्कळ म्हणजे मोठा. युरोपीय संघात ही मोजणी खरोखरच महत्त्वाची आहे. तेथे दहापेक्षा कमी माणसांचा उद्योग सूक्ष्म, पन्नासपेक्षा कमी माणसांचा लघु गणला जातो, आणि उलाढालीची अट त्यास जोडलेली असते. आपल्या कायद्यात मात्र वर्ग ठरवताना कामगारसंख्या विचारात घेतली जात नाही.

आपल्याकडे दोनच गोष्टी पाहतात : यंत्रसामग्रीतील गुंतवणूक आणि वार्षिक उलाढाल. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगासाठी मर्यादा अनुक्रमे अडीच कोटी व दहा कोटी रुपये आहे, लघुसाठी पंचवीस कोटी व शंभर कोटी, तर मध्यमसाठी सव्वाशे कोटी व पाचशे कोटी. दोन्ही मर्यादा पाळल्या तरच तो वर्ग मिळतो. एक जरी ओलांडली, तरी उद्योग वरच्या वर्गात जातो. गुंतवणुकीत जमीन, इमारत व फर्निचर धरत नाहीत आणि यंत्रांची किंमत घसारा वजा करून घेतात. उलाढालीतून निर्यात वगळली जाते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. महाडमधील एका भागीदारी पेढीकडे घसारा वजा जाता दोन कोटी दहा लाखांची यंत्रे आहेत आणि पंचेचाळीस कामगार आहेत. एकूण विक्री बारा कोटी वीस लाख, त्यापैकी तीन कोटींची निर्यात. निर्यात वगळता उलाढाल नऊ कोटी वीस लाख राहते. म्हणून पेढी सूक्ष्म ठरते. युरोपच्या मापाने मात्र हीच पेढी पंचेचाळीस माणसांमुळे लघु झाली असती.

आता याच पेढीने पोलादपूरला दुसरे युनिट काढले आणि तेथे दीड कोटीची देशांतर्गत विक्री झाली, असे समजा. एकाच पॅनखालील सर्व युनिटांची बेरीज होते. उलाढाल दहा कोटी सत्तर लाख होऊन पेढी लघु वर्गात जाते. दुसऱ्या युनिटची वेगळी उद्यम नोंदणी करून हे टळत नाही, कारण एका उद्योगाला एकच नोंदणी मिळते. तेच युनिट भावाच्या स्वतंत्र मालकीचे आणि वेगळ्या पॅनचे असते, तर हिशोबही वेगळा राहिला असता.

या वर्गाला व्यवहारात वजन आहे. बँकांना आपल्या कर्जांपैकी साडेसात टक्के सूक्ष्म उद्योगांना देण्याचे उद्दिष्ट असते. थकीत बिलावर पंचेचाळीस दिवसांच्या मुदतीचे कायदेशीर संरक्षण सूक्ष्म व लघु पुरवठादारांना आहे, मध्यमांना नाही. दुकानदार व घाऊक व्यापारी यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी खुली आहे, परंतु तिचा लाभ अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरताच आहे. तेव्हा वर्षअखेरीस हजेरीपट न पाहता, एका पॅनखालच्या सर्व युनिटांची निर्यात वगळून बेरीज करावी. वर्ग तेथेच ठरतो.