ब्रोमीन इतका चोखंदळ का?

हल्लीच्या बऱ्याच घरगुती फ्रिजवरच्या पट्टीवर R600a असं छापलेलं असतं. हा आयसोब्युटेन वायू. चार कार्बन आणि दहा हायड्रोजन एवढाच त्याचा संसार. मधे एक कार्बन आहे, त्याला तीन मिथिल गट जोडलेले आहेत आणि त्या मधल्या कार्बनवर एकच हायड्रोजन आहे. उरलेले नऊ हायड्रोजन तीन मिथिल गटांवर, प्रत्येकी तीन असे वाटलेले. मिथिलवरच्या नऊ हायड्रोजनांना रसायनशास्त्रात प्राथमिक म्हणतात आणि मधल्या एकट्याला तृतीयक. क्लोरीन आणि ब्रोमीन यांच्या स्वभावातला फरक समजून घ्यायला याहून सोपा रेणू सापडणं कठीण आहे.

आयसोब्युटेन आणि क्लोरीन एकत्र करून साध्या तापमानाला त्यांच्यावर प्रकाश सोडला की क्लोरीन एक हायड्रोजन काढतो आणि त्याच्या जागी बसतो. ब्रोमीनही हेच करतो, फक्त त्याला उष्णता अधिक लागते, साधारण सव्वाशे अंश सेल्सिअस. अल्केन भरपूर आणि हॅलोजन थोडा ठेवला, म्हणजे एकाच रेणूवर दोनदा मारा होत नाही. मग हिशोब मांडता येतो. क्लोरीनच्या बाबतीत सुमारे ६४ टक्के माल मिथिलवर क्लोरीन बसलेला, म्हणजे आयसोब्युटिल क्लोराइड, आणि ३६ टक्के मधल्या कार्बनवर क्लोरीन बसलेला, म्हणजे टर्शरी ब्युटिल क्लोराइड असा निघतो. ब्रोमीनच्या बाबतीत ९९ टक्क्यांहून अधिक माल टर्शरी ब्युटिल ब्रोमाइड असतो.

क्लोरीनचे आकडे वरवर फसवे आहेत. मिथिलवर नऊ हायड्रोजन आहेत, तेव्हा क्लोरीनने डोळे मिटून निवड केली असती तर नव्वद टक्के माल मिथिलकडचा निघायला हवा होता. तो ६४ टक्केच निघतो. नऊ हायड्रोजनांनी ६४ दिले, म्हणजे प्रत्येकी सातच्या आसपास; एकट्या तृतीयकाने ३६ दिले. म्हणजे क्लोरीनही तृतीयक हायड्रोजनाला पसंती देतो, पण पाचपटच. तीच मोजणी ब्रोमीनची केली तर पसंती सुमारे सोळाशे पट भरते. पाच आणि सोळाशे! एकाच गटातली, आवर्तसारणीत एकाखाली एक बसणारी ही दोन मूलद्रव्यं. त्यांच्यात हा फरक आला कुठून?

शाळा-कॉलेजात याचं उत्तर बहुधा एका वाक्यात दिलं जातं: क्लोरीन जास्त क्रियाशील म्हणून बेफिकीर, ब्रोमीन कमी क्रियाशील म्हणून चोखंदळ. वाक्य खोटं नाही, पण त्याने काहीच उलगडत नाही. कमी क्रियाशील माणूस चोखंदळ असेलच असं कुठे आहे? सगळ्याच हायड्रोजनांकडे तो सारख्याच मंदपणे गेला असता तरी चाललं असतं. मंदपणाचं रूपांतर निवडीत का होतं, हा खरा प्रश्न आहे.

त्यासाठी क्रिया पायरीपायरीने पाहू. प्रकाश किंवा उष्णता मिळाली की हॅलोजनचा रेणू मधोमध तुटतो आणि दोन सुटे अणू मिळतात. या सुट्या अणूंना मुक्त मूलक म्हणतात. असा अणू अल्केनवर आदळून त्याचा एक हायड्रोजन ओढून घेतो. हायड्रोजन गमावलेला कार्बन आता स्वतः मूलक होतो, तो हॅलोजनच्या दुसऱ्या रेणूतून एक अणू घेतो, आणि सुटलेला दुसरा अणू पुन्हा नव्या अल्केनच्या मागे लागतो. साखळी अशी चालू राहते. इथे एक गोष्ट चटकन चुकते. ब्रोमीनचा रेणू तोडायला मोलमागे १९३ किलोज्यूल लागतात आणि क्लोरीनचा तोडायला २४३. म्हणजे तुटायला ब्रोमीनच सोपा. पण साखळीचा वेग आणि कोणता हायड्रोजन निघणार, या दोन्ही गोष्टी हायड्रोजन ओढण्याच्या पायरीवर ठरतात. सगळं लक्ष तिथेच द्यायला हवं.

त्या पायरीत एक बंध तुटतो आणि एक जुळतो. तुटतो तो कार्बन आणि हायड्रोजन यांच्यातला. मिथिलवरचा हा बंध तोडायला मोलमागे साधारण ४२३ किलोज्यूल लागतात, मधल्या कार्बनवरचा तोडायला साधारण ४०४. तृतीयक बंध कमकुवत, कारण तो तुटल्यावर उरणाऱ्या मूलकाला शेजारचे तीन मिथिल गट आधार देतात. हा वीसेक किलोज्यूलचा फरक आयसोब्युटेनचा स्वतःचा आहे. समोर क्लोरीन आहे की ब्रोमीन, याच्याशी त्याचा संबंध नाही. जुळतो तो हायड्रोजन आणि हॅलोजन यांच्यातला बंध, आणि इथे दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. हायड्रोजन क्लोराइडचा बंध ४३१ किलोज्यूलचा, हायड्रोजन ब्रोमाइडचा ३६६ चा.

आता वजाबाकी करा. क्लोरीनने मिथिलचा हायड्रोजन ओढला तर ४२३ खर्च, ४३१ जमा. आठ किलोज्यूल हाती राहतात. तृतीयक ओढला तर सत्तावीस राहतात. दोन्हीकडे उतारच आहे. ब्रोमीनला मात्र मिथिलच्या वेळी ५७ किलोज्यूल आणि तृतीयकाच्या वेळी ३८ किलोज्यूल पदरचे घालावे लागतात. दोन्हीकडे चढ. (पुढच्या पायरीत कार्बनला ब्रोमीन मिळतो तेव्हा टर्शरी ब्युटिलच्या बाबतीत शंभरेक किलोज्यूल परत येतात, म्हणून एकूण क्रिया तोट्यात जात नाही.)

चढ आणि उतार यावरून निवड कशी ठरते, हे सांगणारं सूत्र जॉर्ज हॅमंड यांनी १९५५ साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात मांडलं. तेव्हा ते आयोवा स्टेट कॉलेजात होते. कोणत्याही पायरीत जुनी जुळणी मोडून नवी होताना ऊर्जेचा एक सर्वोच्च बिंदू ओलांडावा लागतो. त्या क्षणीच्या अर्धवट तुटलेल्या, अर्धवट जुळलेल्या रचनेला संक्रमण अवस्था म्हणतात. हॅमंड म्हणाले की ही अवस्था सुरुवात आणि शेवट यांपैकी ऊर्जेने ज्याच्या जवळ असते, रूपानेही त्याच्याच जवळ असते.

घाट चढून जाणाऱ्या प्रवाशाचा विचार करा. पलीकडे दोन गावं आहेत, एक उंचावर आणि एक जरा खाली, आणि प्रत्येकाची वाट वेगळ्या खिंडीतून जाते. दोन्ही खिंडी आपल्या गावाच्या वेशीलाच असतील तर पलीकडची गावं किती उंचावर आहेत याचा त्या खिंडींच्या उंचीवर फारसा परिणाम होत नाही. दोन्ही जवळपास सारख्याच उंच असतात, आणि प्रवासी कुठूनही जातात. पण खिंडी थेट त्या गावांच्या वेशीला असतील तर उंच गावाची खिंडही तेवढीच उंच असते. मग प्रवासी झुंडीने खालच्या वाटेला लागतात. क्लोरीनच्या खिंडी पहिल्या प्रकारच्या. संक्रमण अवस्थेत कार्बन-हायड्रोजन बंध जेमतेम ताणलेला असतो, कार्बनवर मूलकाचं रूप अजून आलेलंच नसतं, आणि तीन मिथिलांचा आधार कामी येण्याआधीच निर्णय होऊन जातो. ब्रोमीनच्या खिंडी दुसऱ्या प्रकारच्या. बंध जवळजवळ तुटलेला, कार्बन जवळजवळ मूलक झालेला, आणि म्हणून वीस किलोज्यूलचा तो फरक जवळपास पूर्णच्या पूर्ण खिंडीच्या उंचीत उतरतो.

ही नुसती कल्पना नाही. हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊ ड्यूटेरियम ठेवला की तो बंध तोडणं अवघड होतं. संक्रमण अवस्थेत बंध चांगलाच तुटलेला असेल तर ड्यूटेरियममुळे वेग बराच घटला पाहिजे. नुसता ताणलेला असेल तर थोडाच. टोल्यूनच्या मिथिल गटावर हे तपासलं तेव्हा ब्रोमीनच्या बाबतीत वेग चौपट ते पाचपट घटलेला आढळला, आणि क्लोरीनच्या बाबतीत त्याहून बराच कमी.

आता पाच आणि सोळाशे यांचा मेळ बसतो. ऊर्जेतला फरक वेगात थेट उतरत नाही, तो घातांकाने उतरतो. २५ अंशांना दोन वाटांच्या उंचीत चार किलोज्यूलचा फरक असेल तर वेगात पाचपटीचा फरक पडतो. क्लोरीनचा हिशोब इथे जुळतो. ब्रोमीनच्या १२७ अंशांना दर साडेसात किलोज्यूलमागे वेग दहापट बदलतो, म्हणून सोळाशे पटीसाठी चोवीसेक किलोज्यूल पुरतात. आकडे काटेकोर नाहीत, वेग ठरवणाऱ्या इतर बाबीही त्यांत मिसळलेल्या आहेत, पण बंधांतल्या वीसेक किलोज्यूलशी त्यांचं नातं लपत नाही. याच वाटेने दोन्ही टोकं समजतात. फ्लोरीन हायड्रोजनशी इतका घट्ट बंध करतो की उतार अतिशय तीव्र होतो, निवड जवळजवळ उरतच नाही, आणि क्रिया स्फोटक होते. आयोडीनला चढ इतका मोठा की साखळी चालतच नाही.

ब्रोमीनच्या निवडीची किंमत असते, ती वेळेत आणि उष्णतेत मोजावी लागते. मिथिलचा हायड्रोजन काढायला त्याला पन्नासहून अधिक किलोज्यूलची भिंत ओलांडावी लागते. क्लोरीनला चारच्या आसपास. प्रयोगात हवा शिरली तर ऑक्सिजन मूलकांना पकडून ठेवतो आणि ब्रोमीनचा तांबूस रंग बराच वेळ तसाच राहतो. ऑक्सिजन संपला की तो उतरू लागतो. हायड्रोजन ब्रोमाइड साचत गेला तर तो कार्बनच्या मूलकाला हायड्रोजन परत देऊन टाकतो आणि क्रिया मागे फिरते. तापमान फार वाढवलं तर टर्शरी ब्युटिल ब्रोमाइडमधून हायड्रोजन ब्रोमाइड निघून आयसोब्युटीन तयार होतो, आणि उरलेला ब्रोमीन त्याच्यावर चढून नको असलेला डायब्रोमाइड देतो. हातात नेमकं काय आलं, हे मद्यार्कातल्या सिल्व्हर नायट्रेटने कळतं: टर्शरी ब्रोमाइड लगेच फिकट पिवळसर साका देतो, आयसोब्युटिल ब्रोमाइड बराच वेळ गप्प राहतो. एनएमआर यंत्र असेल तर टर्शरी ब्युटिलच्या नऊ सारख्या हायड्रोजनांची एकच रेषा दिसते.

क्लोरीनची निवडही अगदी अटळ नाही. ग्लेन रसेल यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवलं की द्रावक म्हणून बेन्झिन वापरला की क्लोरीनचा अणू त्याच्याशी सैलसा बांधला जातो, त्याची धार बोथट होते आणि तृतीयक हायड्रोजनाकडचा कल अनेक पटींनी वाढतो. धार कमी होताच निवड वाढली, हे त्याच सूत्राला धरून आहे.

म्हणून पुढे कधी परीक्षेत किंवा वर्गात हा प्रश्न आला तर ‘ब्रोमीन कमी क्रियाशील’ एवढ्यावर थांबू नका. हायड्रोजन ब्रोमाइडचा बंध हायड्रोजन क्लोराइडच्या बंधापेक्षा ६५ किलोज्यूलने कमकुवत आहे, तिथून सुरुवात करा. आणि प्रयोगशाळेत निवड करायची असेल तर सायक्लोहेक्झेन किंवा निओपेंटेनसारख्या, सगळे हायड्रोजन सारखे असलेल्या रेणूला क्लोरीन पुरतो. आयसोब्युटेनसारख्याला ब्रोमीनच हवा.