दिवे किती मिनिटं गेले होते?

4 मे 2025. इंदूरमध्ये दुपारी दोन वाजता वैद्यकीय प्रवेशाची नीट सुरू झाली आणि परीक्षा चालू असतानाच वादळी पावसानं काही केंद्रांची वीज गेली. 180 मिनिटांत 180 प्रश्न सोडवायचे. उत्तरपत्रिकेतले गोल अंधुक उजेडात भरायचे म्हणजे कसोटीच.

विद्यार्थी उच्च न्यायालयात गेले. एकल न्यायपीठानं 30 जूनला, उत्तरसूची येण्यापूर्वी म्हणजे 3 जूनपूर्वी याचिका करणाऱ्यांसाठी फेरपरीक्षेचा आदेश दिला. दोन आठवड्यांत खंडपीठानं तो रद्द केला. परीक्षा संस्थेच्या तज्ज्ञांनी वीज गेलेल्या आणि न गेलेल्या केंद्रांवरच्या मुलांची कामगिरी ताडून पाहिली होती. मोठा फरक नाही, असं त्यांचं म्हणणं होतं आणि तेच टिकलं.

तक्रारीच्या अर्जानं नेमकं काय सांगायला हवं, ते इथं कळतं. ‘वीज गेल्यानं माझं लक्ष विचलित झालं’ हे वाक्य खरं असलं तरी आकडेवारीपुढं टिकत नाही. समजा, एखादीच्या केंद्राशेजारी लग्नाचा बँड वाजत होता आणि नंतर वीज गेली. तिच्या अर्जात असं हवं: ‘केंद्र क्रमांक अमुक, खोली 7, मागची रांग. भिंतीवरच्या घड्याळानुसार 2.50 ते 3.15 वीज नव्हती. माझी जागा खिडकीपासून लांब होती. 2.20 ते 2.45 बँड वाजत होता. पर्यवेक्षकांना मी दोनदा सांगितलं. वाढीव वेळ मिळाला नाही.’

भिंतीवरचं घड्याळ म्हणण्यामागं कारण आहे. नीटला मनगटी घड्याळ नेता येत नाही, त्यामुळे वेळ कशी कळली, हा प्रश्न येणारच.

बँडचं दुखणं वेगळं. वीज गेल्याची नोंद वीज वितरण कंपनीकडं मिळू शकते, ढोल-ताशाची कोण ठेवणार? म्हणून खोलीत असतानाच पर्यवेक्षकांना सांगायचं आणि शेजारच्या बाकावरच्यांचे आसनक्रमांक लक्षात ठेवायचे. अर्ज त्याच रात्री इमेलनं पाठवावा. त्यात सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवण्याची मागणी हवीच, कारण ते पुसलं गेलं की राहतो तो नुसता शब्दाला शब्द. उत्तरसूची पाहून केलेल्या तक्रारीला मात्र ‘मार्क कमी पडले म्हणून आठवलं’ असा वास येतो.

फेरपरीक्षा मागताना जोडीला दुसरं काही मागावं का? वाया गेलेल्या वेळेचे वाढीव गुण मागण्याचा मोह होतो. 2024 मध्ये नीटच्या 1,563 परीक्षार्थींना असे गुण दिले गेले, त्यावर गदारोळ झाला आणि सर्वोच्च न्यायालयातल्या सुनावणीत ते मागे घेण्यात आले. मूळ गुण ठेवा किंवा पुन्हा परीक्षा द्या, असे दोनच पर्याय उरले. 23 जूनच्या फेरपरीक्षेला त्यांच्यापैकी 813 जण बसले.