गुटगुटीत बाळाचे पहिले बारा तास

मधुमेह असलेल्या आईच्या पोटी चार किलोच्या आसपासचं बाळ जन्माला आलं की घरच्यांचे चेहरे खुलतात. डॉक्टर मात्र लगेच बाळाला अंगावर पाजायला लावतात आणि थोड्याच वेळात त्याच्या टाचेतून रक्ताचा थेंब काढतात. एवढ्या धडधाकट जिवाला सुई कशाला टोचता, असं आजीला वाटणं साहजिक आहे. पण बाळाचं वजन ज्या कारणाने वाढलं, त्याच कारणाने पहिल्या काही तासांत त्याच्या रक्तातली साखर घसरण्याचा धोका असतो.

आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, पण आईचं इन्सुलिन जात नाही. आईची साखर चढलेली राहिली की ती ज्यादा साखर हाताळण्यासाठी बाळाचं स्वतःचं स्वादुपिंड भराभर इन्सुलिन बनवू लागतं. कोपनहेगनचे डॉक्टर यॉर्गन पेडरसन यांनी १९५०च्या दशकात ही कार्यकारणसाखळी मांडली आणि ती आजही मान्य आहे. इन्सुलिनमुळे बाळाच्या अंगावर चरबी चढते. मग नाळ कापली जाते. साखरेचा ओघ त्या क्षणी थांबतो, इन्सुलिन मात्र काही तास, कधी दोन-तीन दिवसही वाढलेलंच राहतं.

जन्मानंतर पहिल्या एक-दोन तासांत साखर थोडी खाली येणं प्रत्येक बाळाच्या बाबतीत घडतं. निरोगी बाळ यकृतातला साठा मोकळा करतं, शिवाय चरबी वितळवून मेंदूला दुसरं इंधन पुरवतं. मधुमेही आईच्या बाळात वाढलेलं इन्सुलिन या दोन्ही कोठारांना कुलूप घालतं. साठा भरलेला असूनही मेंदू उपाशी राहतो, आणि म्हणूनच हे बाळ दिसायला भरलेलं असलं तरी अधिक नाजूक असतं.

प्रत्यक्षात काय करतात, ते एका नमुन्याच्या उदाहरणावरून पाहू. आईला गरोदरपणात मधुमेह निघाला, इन्सुलिन सुरू होतं, ३८ आठवडे भरल्यावर दुपारी २ वाजून १० मिनिटांनी सिझेरियन झालं. बाळ ३ किलो ९०० ग्रॅमचं, रडणं उत्तम. त्याला कोरडं करून आईच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून पांघरूण घातलं. आंघोळ घातली नाही, कारण अंग गार पडलं की ऊब टिकवण्यासाठी बाळ साखर जाळतं. २ वाजून ५० मिनिटांनी, म्हणजे पहिल्या तासाच्या आतच, त्याने चीक घेतला. चीक थोडाच असतो, पण नवजात बाळाचं पोटही तेवढंच असतं.

पाजल्यानंतर अर्ध्या तासाने टाचेच्या कडेला टोचून थेंब घेतला. आकडा आला ३४. (इथले सगळे आकडे १०० मिलिलिटर रक्तातल्या मिलिग्रॅमचे आहेत.) बाळ शांत, रंग गुलाबी, कुठलंही लक्षण नाही. पण भारतात बहुतेक ठिकाणी ४० किंवा ४५च्या खाली उपचार करतात, त्यामुळे इथे थांबता येत नाही. परिचारिकेने ४० टक्के ग्लुकोजची जेल बाळाच्या गालाच्या आतल्या बाजूला चोळली. प्रमाण किलोमागे अर्धा मिलिलिटर, म्हणजे या बाळासाठी जेमतेम दोन मिलिलिटर. लगेच पुन्हा पाजलं. सव्वाचार वाजता आकडा ४६ झाला. पुढे दर तीन तासांनी, प्रत्येक वेळी पाजण्याच्या आधी तपासलं: ४९, ५१, ५५. रात्री उशिरापर्यंत बाळ आईजवळच होतं.

ही जेल उपयोगी पडते, हे न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टन शहरातल्या अभ्यासाने दाखवलं. तो २०१३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे ती सगळीकडे मिळत नाही. तिथे आईचं दूध हाताने पिळून वाटी-चमच्याने पाजतात. आईचं दूध पुरेसं नसेल तर दूधपेढीतलं दूध देतात. अशी आशियातली पहिली पेढी मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली सुरू झाली. तेही नसलं तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पावडरचं दूध मोजून देता येतं. साखरेचं पाणी, मध किंवा घुटी हे मात्र पर्याय नाहीत. साखरेचं पाणी इन्सुलिनला आणखी चेतवतं आणि दुधातली चरबी व प्रथिनं त्यात नसतात. मधातून तर नवजात बाळाला घातक जंतुसंसर्ग होऊ शकतो.

हाच पहिला आकडा २२ आला असता तर? किंवा बाळ थरथरत, लुळं पडत, श्वास अडवत असतं तर? मग तोंडाने देण्यावर विसंबत नाहीत. शिरेतून १० टक्के ग्लुकोज किलोमागे दोन मिलिलिटर, म्हणजे या बाळाला साधारण आठ मिलिलिटर, सावकाश देतात आणि पाठोपाठ सलाईन सुरू ठेवतात, ताशी १४ मिलिलिटरच्या आसपास. ते एकदम बंद केलं तर साखर पुन्हा कोसळते, म्हणून दूध वाढेल तसं सलाईन टप्प्याटप्प्याने उतरवतात. ही तक्रार दोन-तीन दिवसांपलीकडे रेंगाळली तर दुसरं कारण शोधावं लागतं.

थरथर पाहून घाबरण्याआधी एक गोष्ट करून पाहता येते: थरथरणारा हात हलकेच धरायचा. धरल्यावर थांबली तर बहुधा साधी थरथर, थांबली नाही तर ती झटके असू शकतात. साखर मात्र दोन्ही वेळा लगेच तपासायलाच हवी. उलट, साखर खूप कमी असूनही बाळ निवांत झोपलेलं असू शकतं. ‘झोपलंय, उठवू नका’ हा एरवीचा शहाणपणा या बारा तासांत उपयोगाचा नाही. दर दोन-तीन तासांनी जागं करून पाजायलाच हवं.

घरातल्या ग्लुकोमीटरसारख्याच यंत्राने हे आकडे घेतात आणि त्याच्याही मर्यादा आहेत. कमी साखरेच्या टप्प्यात ते तितकं अचूक नसतं. नवजात बाळाचं रक्त दाट असतं, त्याचाही परिणाम होतो. पुसलेलं स्पिरिट वाळलं नसेल तर आकडा चुकतो. म्हणून कमी आकडा आला की नमुना प्रयोगशाळेत पाठवतात, पण त्या अहवालासाठी उपचार थांबवत नाहीत.

नेमका कुठला आकडा धोक्याचा, यावर अजून एकमत नाही. नेदरलँड्समधल्या एका मोठ्या चाचणीत काही बाळांवर ३६च्या खाली आणि काहींवर ४७च्या खाली उपचार केले. दीड वर्षाच्या वयात दोन्ही गटांच्या वाढीत महत्त्वाचा फरक दिसला नाही. हा दिलासा आहे, पण तो अशा बाळांपुरता आहे ज्यांची साखर सतत मोजली जात होती. फार खाली गेलेली, लांबलेली किंवा झटक्यांसह आलेली घसरण मेंदूला इजा करू शकते, याबद्दल मतभेद नाहीत.

यातलं बरंचसं प्रसूतीच्या आधीच ठरतं. कळांच्या वेळी आईची साखर चढलेली असली किंवा तिला भरपूर ग्लुकोजचं सलाईन दिलं गेलं, तर बाळाची घसरण अधिक खोल होते. म्हणून प्रसूतीसाठी दाखल होतानाच आपल्याला मधुमेह आहे, इन्सुलिन किंवा गोळ्या कधी घेतल्या, हे गर्भवतीने स्वतः सांगावं. प्रसूती ठरल्यापेक्षा वेगळ्या दवाखान्यात होत असेल तर आवर्जून. आणि दोन प्रश्न घरच्यांनी विचारावेत: बाळाला पहिल्या तासात पाजणार ना, आणि त्याची साखर पहिल्यांदा किती वाजता तपासणार?