चेनला पट्टी लावून फोटो पाठवा

जुनी सायकल विकायला काढली की माणूस आधी ती धुतो आणि ओली असतानाच उन्हात उभी करून फोटो काढतो. त्यात फसवण्याचा हेतू असेलच असं नाही, पण ओलेपणी फिकट झालेला रंग तजेलदार दिसतो आणि टायरच्या बारीक भेगा दिसेनाशा होतात. त्यामुळे फोटोत जमीन ओली दिसली, तर सायकल कोरडी असतानाचे फोटो पुन्हा मागवावेत. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो आणि मोठा करून पाहिला की तपशील पुसट होतात. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगितला की मूळ स्पष्टपणा टिकतो.

समजा, ठाण्यातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये सहा-सात वर्षं उभी असलेली, स्टीलच्या फ्रेमची, २१ गिअरची सायकल आहे आणि मालक साडेसहा हजार सांगतो आहे. फोटोत तीन गोष्टी खटकतात. चेन नारिंगी पडली आहे, हँडलवर तपकिरी ठिपके आहेत आणि मागचं चाक बसलं आहे. बहुतेक लोक गंज पाहून बिचकतात, पण इथे सगळ्यात महाग पडू शकते ती चेन, आणि तीसुद्धा नारिंगी आहे म्हणून नव्हे.

पावसाळ्यात उघड्यावर राहिलेल्या चेनवर गंजाचा पातळ थर येतोच. तो तेलाच्या फडक्याने पुसला जातो. खरा प्रश्न चेनच्या झिजेचा असतो. चेन ताणली, असं आपण म्हणतो, पण लोखंड ताणलं जात नाही. प्रत्येक पिन आणि तिच्याभोवतीचं भोक केसाएवढं झिजतं आणि शंभरेक कड्यांची झीज मिळून चेन लांब होते. लांबलेली चेन दातांवर नीट बसत नाही आणि हळूहळू दातही आपल्या मापाने झिजवते. अशा दातांवर नुसती नवी चेन घातली, तर चढावर जोर लावताच ती उडते. म्हणजे चेनबरोबर मागचं फ्रीव्हीलही बदलावं लागतं, आणि कधी कधी पुढची चकतीही.

ही झीज फोटोतून चक्क मोजता येते. शाळेच्या कंपासमधली नव्हे, मोठी ३० सेंटिमीटरची पट्टी लागते. मालकाला एवढंच सांगायचं की कुणाला तरी पॅडलवर किंचित दाब ठेवायला सांगा, म्हणजे वरची चेन ताठ होईल. पट्टीवरची शून्याची रेघ एका पिनच्या बरोबर मध्यावर धरा आणि दोन फोटो काढा, एक शून्यापाशी आणि एक २५ सेंटिमीटरच्या पुढे, दोन्ही अगदी समोरून. तिरका फोटो काढला की रेघ सरकल्यासारखी दिसते आणि माप फुकट जातं. शून्याची रेघ पट्टीच्या कडेपासून थोडी आत असते, तेही आवर्जून सांगायला हवं.

सायकलच्या चेनमध्ये एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर अर्धा इंच असतं. नव्या चेनची विसावी पिन म्हणून बरोबर १० इंचांवर, म्हणजे २५४ मिलिमीटरवर येते. ती २५५ च्या थोडी पुढे गेली असेल, तर चेन बदलायची वेळ झाली आहे, पण दात बहुधा वाचलेले असतात. २५६ ओलांडून साडेछप्पन्नच्या आसपास गेली, तर फ्रीव्हीलचाही खर्च धरून चालावं. आपल्या ठाण्याच्या सायकलीत पिन २५६ आणि २५७ च्या मधोमध दिसते. म्हणजे चेन गेली आणि तिच्याबरोबर फ्रीव्हीलही.

दातांच्या फोटोवरून याची खातरजमा करता येते, मात्र जपून. झिजलेला दात एका बाजूला कोयत्यासारखा वाकलेला दिसतो. पण गिअर सहज पडावेत म्हणून कारखान्यातच काही दात मुद्दाम आखूड किंवा तिरपे कापलेले असतात, आणि ते पाहून नवखा माणूस उगाच घाबरतो. म्हणून रोज वापरल्या जाणाऱ्या मधल्या चकत्यांची तुलना त्याच फ्रीव्हीलच्या सगळ्यात मोठ्या, क्वचित वापरल्या जाणाऱ्या चकतीशी करावी. चेनच्या जाम कड्या मात्र फोटोत कळत नाहीत. त्यासाठी पॅडल उलटं फिरवतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ पुरतो. मागच्या छोट्या चाकांवरून जाताना एखादी कडी उडी मारते का, एवढंच पाहायचं.

आता गंज. हँडलवरचे तपकिरी ठिपके घासून जातात. तारांवरचा हलका गंजही चालतो, पण तार रिमला जिथे मिळते तिथलं निपल गंजून बसलं असेल, तर चाकाची लचक काढता येत नाही. सगळ्यात महत्त्वाची जागा मात्र विक्रेत्याच्या फोटोत कधीच नसते. पॅडलचा दांडा ज्या नळीतून आरपार जातो, तिला मेकॅनिक ‘बीबी’ म्हणतात. सीटच्या नळीतून आत गेलेलं पाणी तिथेच साचतं आणि स्टीलची फ्रेम तिथून आतून कुजते. सायकल उलटी करून या जागेचा फोटो मागवावा. रंगाला फुगे आले असतील, तर गंज आतून बाहेर येतो आहे, असं समजून ती सायकल सोडून द्यावी. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या सायकलीसाठी तर या फोटोशिवाय बोलणंच नको. फ्रेम ॲल्युमिनियमची असेल तर लाल गंज येत नाही. तिथे जोडांपाशी रंगात केसासारखी रेघ दिसते का, ते पाहावं, कारण ती तडा असू शकते.

टायरचं लवकर आटपतं. मागच्या टायरचा मधला भाग सपाट झाला असेल, तर तो बराच चालला आहे. कुठेही कापडाचे धागे दिसले, तर टायर संपला. हवा नसलेल्या चाकावर सायकल महिनोन्महिने उभी राहिली की दुमडलेल्या जागी कडेचं रबर फाटतं. म्हणून हवा भरून, कोरड्या टायरच्या कडेचा फोटो घ्यावा.

स्कूटर घ्यायची असेल तर चेनचा भाग गळतो. बिनगिअरच्या बहुतेक स्कूटरमध्ये चेन नसून झाकणाआड रबरी पट्टा असतो. तो फोटोत दिसत नाही, त्यामुळे तो कधी बदलला त्याचं बिल मागावं. टायरच्या कडेवर मात्र चार आकडी तारीख मिळते. ‘2319’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गंज शोधायचा तो पाय ठेवायच्या फळीच्या खालून.

ठाण्याच्या सायकलीकडे परत येऊ. बीबीखाली फुगे नाहीत, पण चेन, फ्रीव्हील आणि दोन्ही टायर बदलायला हवेत. मजुरीसह हा खर्च दोन-तीन हजारांच्या घरात जाऊ शकतो, तेव्हा आधी आपल्या मेकॅनिकला नेमका आकडा विचारावा आणि तो साडेसहा हजारांतून वजा करूनच बोलणी सुरू करावीत. बेअरिंगची खरखर, ब्रेकची पकड आणि चाकाचा डुगडुगाट फोटोत येत नाही, त्यासाठी जावंच लागतं. आगाऊ टोकन मात्र देऊ नये. बहुतेक सायकलींचा फ्रेम नंबर त्याच बीबीच्या खाली ठोकलेला असतो. तो बिलावरच्या नंबराशी जुळला, तरच पैसे द्यावेत.