हापशाची भाषा: दुरुस्तीच्या पुस्तिकेतले मराठी

महाराष्ट्रातल्या गावोगावी दिसणाऱ्या लोखंडी हातपंपाचे, म्हणजे इंडिया मार्क टू पंपाचे मूळ मराठी मुलखातच आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जालना येथील मिशनमध्ये आणि पुढे सोलापुरात खोल विंधन विहिरींसाठी एकाच आसावर फिरणाऱ्या दांड्याचे पंप तयार झाले. त्यांच्याच आधारावर १९७०च्या दशकात युनिसेफ, केंद्र सरकार आणि रिचर्डसन अँड क्रुडास यांनी मार्क टू घडवला. पंप असा मराठी मुलखातून गेला, तरी त्याची दुरुस्तीची पुस्तिका मात्र इंग्रजी घडणीची राहिली. ती मराठीत आणताना सुट्या भागांच्या नावांपेक्षा लक्षणे आणि कृती यांचेच भाषांतर अधिक अवघड जाते.

भागांच्या नावांचा प्रश्न बराचसा दुकानातच सुटतो. वॉशर, चेन, बेअरिंग, सिलिंडर, व्हॉल्व हे शब्द यांत्रिकाच्या तोंडी आहेत आणि सुटा भाग मागताना तेच लागतात. सिलिंडरमधल्या दट्ट्यावरच्या वाटीच्या आकाराच्या वॉशरला इंग्रजीत ‘बकेट’ म्हणतात, म्हणून पुस्तिकेत ‘बादली’ लिहिले तर यांत्रिक गोंधळेल. तिथे ‘दट्ट्याचे वॉशर’ पुरते. दांडा, दट्ट्या हे शब्द मराठीत पूर्वीपासून आहेतच. त्यांच्यासाठी संस्कृत धातू शोधत बसायचे कारण नाही.

‘स्ट्रोक’चा प्रश्न थोडा वेगळा. ‘हापसा’ म्हणजे पंपही आणि दांड्याची एक खेपही, त्यामुळे ‘४० हापसे’ हे वाक्य संदिग्ध होते. क्रियापद वापरले की अडचण मिटते: ‘४० वेळा हापसा’. मार्क टूच्या सिलिंडरचा आतला व्यास ६३.५ मिलिमीटर आणि दट्ट्याची चाल १२५ मिलिमीटर असते. म्हणजे एका वेळी सुमारे ४०० मिलिलिटर पाणी उचलले जाते आणि ४० वेळा हापसल्यावर १५ लिटरची बादली जवळपास भरायला हवी. ती अर्धीच भरली तर दट्ट्याचे वॉशर झिजल्याचा संशय घ्यावा.

लक्षणे यांत्रिकाच्या बोलीतच लिहावीत. ‘दांडा हलका लागतो, पाणी येत नाही’ हे वाचताच आतली सळई सुटली असेल किंवा पाण्याची पातळी सिलिंडरच्या खाली गेली असेल, हे त्याच्या ध्यानात येते. ‘पाणी उशिरा येते’ हे वेगळे लक्षण. त्याची चाचणी सोपी आहे. पंप चांगला चालवून अर्धा तास थांबावे आणि पुन्हा हापसावे. पाचेक वेळांत पाणी आले तर ठीक. समजा, १५ वेळा हापसावे लागले. तेवढ्यात सुमारे ६ लिटर पाणी उचलले गेले. मार्क टूच्या ३२ मिलिमीटर पाइपात एका मीटरला जवळपास १ लिटर पाणी मावते, म्हणजे अर्ध्या तासात पाइपातले पाणी सुमारे ६ मीटर खाली उतरले होते. खालचा व्हॉल्व तरी गळतो, नाहीतर पाइपाचा एखादा जोड. यांपैकी काहीही असले तरी मार्क टूमध्ये सगळे पाइप वर काढावे लागतात. दहा पाइप आणि सळया मिळून शंभर किलोंच्या वर वजन भरते. चाचणीचे वाक्य चुकीचे समजले तर ही सारी मेहनत फुकट. मार्क थ्रीत पाइप ६५ मिलिमीटरचा असल्याने दट्ट्या आणि खालचा व्हॉल्व त्यातूनच वर ओढता येतात. म्हणून दोन्ही पंपांसाठी एकच मराठी मजकूर चालत नाही.

सर्वांत घातक शब्द ‘रायझिंग मेन’. हातपंपाच्या पुस्तिकेत तो विंधन विहिरीतल्या उभ्या पाइपाला लावतात. नळयोजनेत मात्र उद्भवापासून जलकुंभापर्यंत पाणी चढवणाऱ्या, कधी काही किलोमीटर लांब असलेल्या वाहिनीला लावतात. शासकीय मराठीत या दुसऱ्या वाहिनीला ‘ऊर्ध्ववाहिनी’ हा शब्द रूढ आहे. तो तिच्यासाठीच राखावा आणि हातपंपाबाबत सरळ ‘बोअरमधले पाइप’ म्हणावे. एकाच गावात दोन्ही सोयी असतात आणि दुरुस्ती एकच माणूस पाहतो, तेव्हा ‘रायझिंग मेन गळते’ एवढ्या नोंदीवरून घोडी लावून पाइप उपसायचे की शेताकडेने ओल शोधत जायचे, हे कळत नाही.

ऊर्ध्ववाहिनीची गळती ओळखण्याची सूचनाही अशीच थेट लिहिता येते. जलकुंभातून खाली जाणाऱ्या वाहिनीचा व्हॉल्व बंद ठेवून पंप सुरू करा आणि कुंभ भरायला लागणारा वेळ नोंदवा. ५० हजार लिटरचा रिकामा कुंभ तासाला १० हजार लिटर देणाऱ्या पंपाने पाच तासांत भरतो. साडेसहा तास लागले तर पंपाजवळचा दाबमापी आणि अँपिअर मीटर पाहा. दाब नेहमीपेक्षा कमी आणि अँपिअर जास्त असेल तर पंप जास्त पाणी ढकलतो आहे, पण ते वाटेत सांडते आहे. दाब आणि अँपिअर दोन्ही कमी असतील तर दोष बहुधा पंपातच आहे. वाहिनी उकरण्याआधी पंप उघडा.